चार्ज देताना मेल कसा लिहावा: दिलेले शब्द, अर्धवट कामं, माणसं आणि फायली

नोकरी सोडताना जागेवर येणाऱ्या माणसाला पाठवायच्या मेलमध्ये बहुतेक जण कामांची यादी देतात. "पीओ काढणे, फॉलोअप घेणे, बिलं अकाउंट्सला देणे." हे नव्या माणसाला चार दिवसांत कुणालाही विचारून कळतं. त्याला कुणाकडूनच कळणार नाही ते म्हणजे तुम्ही फोनवर कोणाला काय कबूल केलंय. त्यामुळे मेलमधली सगळ्यात मोठी जागा कबुलीच्या गोष्टींना द्यायची आणि नेहमीची कामं थोडक्यात उरकायची. पुढे सगळं त्याच क्रमाने सांगितलं आहे.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे धागा सुटणार नाही. रबाळे एमआयडीसीतलं पत्र्याचे इलेक्ट्रिकल पॅनल बॉक्स बनवणारं एक युनिट. तिथल्या खरेदीच्या टेबलावरचा माणूस शुक्रवारी २७ नोव्हेंबर २०२६ ला शेवटचा दिवस भरून जाणार आहे. पत्रा कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून येतो, पावडर कोटिंग पावण्याला होतं, दारांना लागणारं रबरी गॅस्केट तुर्भ्याहून येतं. तुमचं टेबल अकाउंट्सचं, डिस्पॅचचं किंवा सोसायटीच्या ऑफिसचं असलं तरी पद्धत हीच राहते, बदलतात ते फक्त तपशील.

आधी गोळा करा, मग लिहा

शेवटच्या दिवसाच्या दहा कामाचे दिवस आधी सुरुवात करा. आठवून लिहायला बसलात तर गेल्या आठवड्यातल्या गोष्टी तेवढ्या आठवतील, दोन महिन्यांपूर्वी दिलेला शब्द निसटेल. म्हणून आठवणीवर न विसंबता चार जागा चाळायच्या.

पहिली जागा म्हणजे तुम्ही पाठवलेले मेल. इनबॉक्स चाळण्यात वेळ घालवू नका. लोकांनी तुमच्याकडे काय मागितलं ते इनबॉक्समध्ये असतं, तुम्ही काय कबूल केलं ते पाठवलेल्या मेलमध्ये. जीमेलच्या शोधात हे टाका:

```
in:sent newer_than:90d ("will send" OR "will confirm" OR "by monday" OR "पाठवतो" OR "कळवतो")
```

तुमच्या तोंडात जे शब्द बसलेले असतील ते यात घाला. कुणी "let me check" लिहितो, कुणी "करून देतो". नव्वद दिवसांत असे तीस-चाळीस मेल निघतात. त्यातले बरेच पूर्ण झालेले असतात, राहिलेले पाच-सात वेगळे काढा.

दुसरी जागा म्हणजे उघड्या पीओंची, म्हणजे माल पूर्ण न आलेल्या खरेदी ऑर्डरींची यादी. टॅलीत ऑर्डर टाकत असाल तर कोणत्या ऑर्डरचा किती माल यायचा बाकी आहे त्याचा रिपोर्ट निघतो. तो छापा आणि प्रत्येक ओळीसमोर पेनाने खरी स्थिती लिहा, कारण कागदावर "२ टन बाकी" एवढंच येतं. ते का बाकी आहेत आणि कधी येणार, हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

तिसरी जागा म्हणजे चलन रजिस्टर. जॉब वर्कला गेलेला आणि परत न आलेला माल इथे सापडतो. मागच्या पूर्ण वर्षभराचं चाळा, मागच्या तीन महिन्यांवर थांबू नका. का, ते पुढे येईलच.

चौथी जागा व्हॉट्सअ‍ॅप, आणि सर्वांत जास्त गोष्टी इथेच दडलेल्या असतात. दर, ड्रॉइंगची नवी आवृत्ती, खराब मालाचे फोटो, "उद्या गाडी लावतो"चे निरोप, हे सगळं तुमच्या खाजगी फोनमध्ये असतं आणि तो फोन तुमच्याबरोबर घरी जाणार असतो. पुरवठादारांचे चॅट एकेक उघडा, गेल्या तीन महिन्यांचे वाचा. एक-दोन संध्याकाळी जातील, पण हे टाळून चालत नाही.

दिलेले शब्द: प्रत्येकाला पाच गोष्टी

प्रत्येक कबुलीखाली पाच गोष्टी यायला हव्यात: कोणाला, काय, कधीपर्यंत, शब्द कुठे दिला, आणि न पाळल्यास काय होईल. चौथी गोष्ट लोक गाळतात आणि वाद तिच्यावरूनच होतात. शब्द पीओवर आहे, मेलवर आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की फक्त फोनवर, हे नव्या माणसाला कळलं तरच समोरच्याशी बोलताना आपण किती पक्क्या जमिनीवर उभे आहोत याचा त्याला अंदाज येतो.

आपल्या उदाहरणातल्या तीन कबुल्या घेऊ. तीन वेगळ्या जातीच्या आहेत.

पहिली दराची. पीओ क्रमांक २१४, १.६ मिमी सीआरसी पत्रा, ५ टन, किलोला ६४ रुपये. ३ टन आले, २ राहिले. पीओवर दराची मुदत ३० नोव्हेंबर लिहिली आहे. १८ तारखेला व्यापाऱ्याला फोन झाला आणि ठरलं की राहिलेला माल ८ डिसेंबरपर्यंत उचला, तोवर दर तोच. हे कुठेही लिहिलेलं नाही. नवा माणूस २ तारखेला फोन करेल तेव्हा व्यापारी पीओवरची तारीख दाखवून आजचा दर लावू शकतो. दर किलोमागे २ रुपयांनी जरी चढलेला असला तरी २ टनांवर ४,००० रुपये गेले, आणि नव्या माणसाच्या हातात बोलायला काही नाही.

अशा तोंडी गोष्टी मेलमध्ये नुसत्या नोंदवून भागत नाही. जायच्या आधी त्या लेखी करून घ्यायच्या. व्यापाऱ्याला दोन ओळींचा मेल टाका: "१८ तारखेच्या बोलण्याप्रमाणे पीओ २१४ मधला राहिलेला २ टन माल ६४ रुपये दराने ८ डिसेंबरपर्यंत उचलू. यात काही बदल असल्यास कळवा." त्याने "ओके" म्हटलं की तो मेल चार्जच्या मेलला जोडा. त्याने नकार दिला तरी फायदाच आहे, कारण तुम्ही अजून खुर्चीवर आहात, बोलणी तुम्हीच करू शकता.

दुसरी कबुली पैशाची, आणि इथे कायद्याची तारीख दडलेली आहे. गॅस्केटवाल्याचं ४०० मीटरचं बिल, करासह ३८,४०० रुपये. माल २० ऑक्टोबरला आला. त्यातलं ४० मीटर कडक निघालं, म्हणून फोनवर सांगितलं की ३,८४० रुपयांची क्रेडिट नोट द्या, उरलेले ३४,५६० रुपये ४ डिसेंबरला सोडतो. गॅस्केटवाला उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहे. अशा पुरवठादाराला लेखी अट असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी अटच नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. आपल्या पीओवर ४५ दिवसांची अट आहे. २० ऑक्टोबरपासून ४५ वा दिवस म्हणजे ४ डिसेंबर. ती तारीख उलटली तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याजाची देणदारी सुरू होते.

इथे एक बारकावा आहे. मालाबद्दल तक्रार डिलिव्हरीपासून १५ दिवसांच्या आत लेखी केली असती तर तक्रार मिटेपर्यंत मुदत मोजायला सुरुवात होत नाही. फोनवरच्या तक्रारीने ते होत नाही. म्हणजे "४० मीटर खराब आहे, वाद चालू आहे, घाई नाही" असं समजून नव्या माणसाने बिल बाजूला ठेवलं तर चूक ठरेल. मेलमध्ये हे एका वाक्यात लिहा: तक्रार फोनवर केली होती, लेखी नाही, म्हणून ४ डिसेंबर ही तारीख पक्की समजा.

तिसरी कबुली आपल्या बाजूची नाही, कोटिंगवाल्याची आहे. समोरच्याने आपल्याला दिलेला शब्दही यादीत यायला हवा. १२ जानेवारी २०२६ च्या चलनाने १२० दारं पावण्याला गेली. ८४ परत आली. ३६ दारांवर संत्र्याच्या सालीसारखा फिनिश आला म्हणून ती पुन्हा कोटिंगला ठेवली आणि मागे पडली. कोटिंगवाल्याने १० डिसेंबरला देतो म्हटलंय. ही दारं विसरली तर माल अडकलाच, शिवाय जीएसटीचाही प्रश्न येतो: जॉब वर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट तयार माल एक वर्षात परत आला नाही, किंवा तिथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासह भरावा लागतो. वर्ष ११ जानेवारीला भरतं. मशिनरीसारख्या भांडवली मालाला ही मुदत तीन वर्षं आहे, आणि साचे, डाय, जिग, फिक्श्चर यांना मुदतच नाही. म्हणून चलन रजिस्टर वर्षभराचं चाळायचं.

आता हे मेलमध्ये कसं दिसेल ते बघा. प्रत्येक नोंद पुढच्या पावलाने सुरू होते, इतिहासाने नाही:

> १. शुक्रवार ४ डिसेंबर: गॅस्केटवाले, तुर्भे, ३४,५६० रुपये द्यायचे.
> सोमवारी ३० तारखेला क्रेडिट नोट आली का ते विचारा (३,८४० रुपयांची). नसेल तर मागून घ्या आणि बुधवारपर्यंत बिल अकाउंट्सला द्या. शब्द फोनवर, २३ नोव्हेंबर. ४ डिसेंबर हा ४५ वा दिवस आहे, पुढे ढकलू नका. ४० मीटरची तक्रार लेखी केलेली नाही.
>
> २. मंगळवार ८ डिसेंबर: कळंबोलीहून २ टन पत्रा उचलायचा, पीओ २१४.
> शुक्रवार ४ तारखेपर्यंत ट्रान्सपोर्टवाल्याला गाडी सांगा. दर ६४ रुपये, व्यापाऱ्याचा होकार २४ नोव्हेंबरच्या मेलवर (जोडला आहे). ८ नंतर दर खुला.
>
> ३. गुरुवार १० डिसेंबर: पावण्याहून ३६ दारं परत यायची.
> ७ तारखेला फोन करून ओव्हनला लागली का विचारा. शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर, फोटो फोल्डरमध्ये. चलन १२ जानेवारीचं, वर्ष ११ जानेवारीला भरतं. १८ डिसेंबरपर्यंत आली नाहीत तर साहेबांना सांगा.

नोंदी तारखेच्या क्रमाने लावा, महत्त्वाच्या क्रमाने नको. नवा माणूस सकाळी मेल उघडून "आज काय" एवढंच बघणार आहे. तिसऱ्या नोंदीतलं शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. कधी थांबायचं आणि कधी वर सांगायचं याची तारीख मिळाली की नव्या माणसाला पाठपुरावा करताना संकोच वाटत नाही.

चालू कामं

इथे थोडक्यात आवरा. दर कामाला एक ओळ पुरते: कधी, काय, कोणाला द्यायचं. सोमवारी सकाळी स्टोअरचा साठा तपासून किमान पातळीच्या खाली गेलेल्या वस्तूंची यादी, गुरुवारी उघड्या पीओंचा फॉलोअप, महिन्याच्या शेवटी जॉब वर्कच्या शिल्लक मालाची जुळणी.

एका कामाला मात्र कारण जोडा, कारण ते कळलं नाही तर ते काम करावंसंच वाटत नाही. पुरवठादाराने आपलं बिल त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं तरच ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये येतं. महिन्याने भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख पुढच्या महिन्याची ११, आणि २बी तयार होतं १४ ला. म्हणून ९-१० तारखेला नेहमी उशीर करणाऱ्या तीन-चार पुरवठादारांना फोन करायचा असतो. १५ तारखेला अकाउंट्सवाला "बिल दिसत नाही" म्हणतो तेव्हा त्या महिन्यापुरती वेळ निघून गेलेली असते. त्या पुरवठादारांची नावं याच ओळीत लिहा.

अर्धवट राहिलेलं काम, समजा नव्या बिजागरीच्या तीन कोटेशनची तुलना, "चालू आहे" असं लिहून सोडू नका. कोणाची दोन आली, तिसरं कोणाकडून यायचं, तुलनेचा तक्ता कुठल्या फाइलमध्ये आहे आणि निर्णय कोण घेणार, हे लिहा. "चालू आहे" वाचून नव्या माणसाला काम सुरू झालंय एवढंच कळतं. पुढचा हात कुठे घालायचा ते कळत नाही.

माणसं

फोन नंबर हजार ठिकाणी मिळतात. संपर्कांच्या यादीत खरी किंमत नंबरच्या शेजारच्या रकान्याला असते: कोणत्या कामासाठी कोणाला फोन करायचा. पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे दर मालकाशी बोलायचा, पण गाडी कधी लागणार ते गोडाऊनवरचा माणूसच सांगतो. मालकाला गाडीचं विचारलं तर "पाठवतो" एवढंच मिळतं. कोटिंगवाल्याकडे सुपरवायझरला दुपारी तीननंतर फोन करा, सकाळी तो ओव्हनवर असतो. कोणाची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, कोणाची रविवारी, तेही याच रकान्यात टाका. घोडबंदर रोडवरून येणाऱ्या मालासाठी ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावापुढे लिहा की अवजड गाड्यांना तिथे ठराविक वेळांतच सोडतात आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे "सकाळी दहाला माल" असा शब्द प्रॉडक्शनला देण्याआधी ड्रायव्हरला विचारा.

आतल्या माणसांनाही याच यादीत जागा द्या. पीओ कोण मंजूर करतो, किती रकमेपर्यंत कोणाची सही चालते, साहेब नसताना कोण, गेटवर माल उतरवून घेणारा कोण. दहा-बारा नावांत हे भागतं. सत्तर पुरवठादारांची अख्खी यादी मेलमध्ये ओतू नका, ती शीटमध्ये राहू द्या आणि मेलमध्ये फक्त पहिल्या महिन्यात लागणारी माणसं ठेवा.

माणसांविषयी लिहिताना शेरे टाळा. मेल वर्षानुवर्षं राहतो, पुढे ढकलला जातो आणि एखाद दिवशी त्याच पुरवठादाराच्या हाती लागतो. "भरवशाचा नाही" असं न लिहिता "गेल्या सहा डिलिव्हरींपैकी चार दोन दिवस उशिरा" लिहा. दुसऱ्या वाक्यातून नव्या माणसाला ऑर्डर दोन दिवस आधी द्यायची हे कळतं, पहिल्यातून नुसती कटुता.

फायली कुठे आहेत

इथे सर्वांत जास्त फसगत होते ती ड्राइव्हच्या अक्षरावरून. तुमच्या संगणकावर सर्व्हरचं फोल्डर Z: म्हणून दिसतं, म्हणून तुम्ही लिहिता "Z: मध्ये पीओ". नव्या माणसाच्या संगणकावर Z: नसतंच, किंवा त्या अक्षराखाली दुसरंच फोल्डर जोडलेलं असतं. म्हणून अक्षर न लिहिता पूर्ण पत्ता लिहा. तो माहीत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
net use
```

कोणतं अक्षर कोणत्या पत्त्याला जोडलंय ते समोर येतं. मग मेलमध्ये असं लिहा:

```
\\SRV01\Purchase\2026-27\PO
\\SRV01\Purchase\2026-27\JobWork
\\SRV01\Purchase\Drawings\Current
```

प्रत्येक पत्त्यापुढे तिथे काय आहे ते अर्ध्या ओळीत सांगा, आणि कोणती फाइल खरी ते स्पष्ट लिहा. दरांची एक फाइल "Rate_final", दुसरी "Rate_final_new", तिसरी "Rate_final_new2" अशी अवस्था बहुतेक टेबलांवर असते. चालू असलेली एक ठेवा, बाकीच्या "Old" नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. ड्रॉइंगचं तर हे फार जपून करा. दाराच्या ड्रॉइंगची सी आवृत्ती तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल आणि सर्व्हरवर बी पडून असेल, तर नवा माणूस सर्व्हरवरची उचलेल आणि बिजागरीची भोकं जुन्या जागी पडतील. माल आल्यावर, जोडणीच्या टेबलावर गेल्यावर हे कळतं. तेव्हा उशीर झालेला असतो.

गुगल ड्राइव्हवर काम होत असेल तर फाइल कोणाच्या मालकीची आहे ते बघा. कंपनीच्या शेअर्ड ड्राइव्हमधल्या फायली कंपनीच्या असतात, माणूस गेला तरी राहतात. तुमच्या "माय ड्राइव्ह"मधली फाइल दहा जणांना शेअर केलेली असली तरी मालक तुम्हीच. कंपनीने तुमचं खातं मालकी न हलवता काढून टाकलं तर ती सगळ्यांच्याच हातून जाते. अ‍ॅडमिनला काढलेलं खातं २० दिवसांपर्यंत परत आणता येतं, त्यानंतर नाही. म्हणून जायच्या आधीच अशा फायली शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवा किंवा मालकी बदला. फाइल तुमच्या खाजगी जीमेलवर बनवली असेल तर तिची मालकी कंपनीच्या खात्याकडे देता येत नाही. डाउनलोड करा किंवा प्रत काढा, आणि ती कंपनीच्या जागी ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपमधून फक्त कामाच्या गोष्टी बाहेर काढा: ड्रॉइंग, खराब मालाचे फोटो, दर कबूल केल्याचे मेसेज. प्रत्येक पुरवठादाराचं फोल्डर करून त्यात टाका आणि फाइलच्या नावात तारीख घाला, उदाहरणार्थ `2026-11-16_doors_reject.jpg`. अख्खं चॅट एक्स्पोर्ट करून दिलं तर ते कुणी वाचत नाही, आणि त्यात तुमचं खाजगी बोलणंही जातं.

कागदांना विसरू नका. सही केलेले मूळ करार, चलनांची पुस्तकं, टेस्ट सर्टिफिकेटच्या फायली कोणत्या कपाटात, कोणत्या कप्प्यात, किल्ली कोणाकडे. हे लिहायला एकच ओळ लागते.

पासवर्ड आणि ओटीपी

पासवर्ड मेलमध्ये लिहायचा नाही, एक्सेलच्या शीटमध्येही नाही. कोणती पोर्टलं वापरतो एवढंच लिहा. लॉगिन नव्या माणसाच्या नावाने तयार करून घ्या किंवा त्याच्यासमोर पासवर्ड बदलून द्या. ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर बनवता येतो, तसा त्याचा वेगळा बनवून घ्या आणि तुमचा बंद करा.

पासवर्डपेक्षा मोठी अडचण ओटीपीची असते. पुरवठादाराचं पोर्टल, कुरियरचं खातं, ऑनलाइन खरेदीचं खातं, कुठेतरी तुमचा खाजगी मोबाइल नंबर टाकलेला असतो. तुम्ही गेल्यावर तीन आठवड्यांनी कुणीतरी लॉगिन करतो, ओटीपी तुमच्या फोनवर जातो आणि तुम्ही नव्या कंपनीच्या मीटिंगमध्ये असता. म्हणून प्रत्येक पोर्टलवर प्रोफाइल उघडून नोंदवलेला नंबर आणि मेल बघा, बदला, आणि मेलमध्ये लिहा की अमुक पोर्टलवरचा नंबर अमुक तारखेला बदलला. एखादा बदलता आला नसेल तर तेही स्पष्ट लिहा आणि तो कोण बदलू शकतो ते सांगा.

पाठवायचा कधी, कोणाला

कच्चा मेल शेवटच्या दिवसाच्या एक आठवडा आधी तुमच्या साहेबांना दाखवा. दोन-तीन गोष्टी ते नक्की बदलतील. एखादा शब्द कंपनीला पाळायचा नसेल तर ते आत्ताच कळलं पाहिजे, म्हणजे समोरच्याला तुम्हीच सांगाल.

मग नव्या माणसाबरोबर बसा. दीड तास पुरतो. मेल वाचून दाखवू नका, त्याला त्याच्या संगणकावरून प्रत्येक पत्ता आणि लिंक उघडायला सांगा. तुमच्या संगणकावर सगळंच उघडतं, परवानगी नाही हे त्याच्याच लॉगिनवर कळतं. शेवटी त्याला तीन प्रश्न विचारा: ४ तारखेला काय करायचं, दारांचं चलन कुठे आहे, कोटिंग आणखी अडलं तर कोणाला सांगायचं. ज्या उत्तरासाठी तो तुमच्याकडे बघतो ती नोंद पुन्हा लिहा. दोष त्याच्या समजेत नाही, नोंदीत आहे.

पक्का मेल शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी, आपल्या उदाहरणात बुधवारी २५ नोव्हेंबरला पाठवा. शेवटच्या संध्याकाळी पाठवला तर त्याने विचारलेली शंका बंद झालेल्या मेलबॉक्सवर आपटून परत जाते. मधल्या दोन दिवसांत काही बदललं, समजा क्रेडिट नोट आली, तर त्याच मेलला उत्तर म्हणून "नोंद १ मध्ये बदल" असं पाठवा. नवा मेल सुरू केलात तर दोन याद्या तयार होतात आणि कुणाला कोणती खरी ते कळत नाही.

विषयाची ओळ सहा महिन्यांनी शोधता येईल अशी ठेवा: "खरेदी विभागाचा चार्ज, २७ नोव्हेंबर २०२६: बाकी कबुल्या, संपर्क, फायली". मेल नव्या माणसाला, प्रत साहेबांना. स्टोअर आणि अकाउंट्सला सगळा मेल नको, त्यात दर असतात. त्यांना लागणाऱ्या दोन-तीन नोंदी वेगळ्या पाठवा. नवा माणूस अजून आलेलाच नसेल तर मेल साहेबांना आणि विभागाच्या सामाईक पत्त्यावर जाऊ द्या. ४ डिसेंबरसारखी तारीख त्याच्या येण्याची वाट बघत नाही, म्हणून अशा वेळी प्रत्येक नोंदीपुढे तात्पुरतं ते कोण बघणार त्याचं नाव साहेबांकडून भरून घ्या.

लांबीचं म्हणाल तर मूळ मेल छापला तर दोन पानांत बसावा. वर कबुल्या, मग चालू कामं, मग दहा-बारा माणसं, मग फायलींचे पत्ते. बाकी सगळं जोडलेल्या शीटमध्ये.

पुरवठादारांना वेगळा मेल

त्याच बुधवारी पुरवठादारांना चार ओळींचा मेल जाऊ द्या: अमुक तारखेपासून खरेदीसाठी संपर्क हा, विभागाचा पत्ता हा, चालू ऑर्डर आहेत तशाच राहतील. प्रत नव्या माणसाला. प्रत्येकाला स्वतंत्र पाठवा किंवा पत्ते बीसीसीमध्ये टाका, नाहीतर एका पुरवठादाराला दुसऱ्याची नावं दिसतात.

या मेलनंतरचे काही आठवडे फसवणुकीच्या दृष्टीने नाजूक असतात. खरेदीला नवा माणूस आलाय हे बाहेर पसरतं, आणि एखाद्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो की आमचं बँक खातं बदललं, पुढचे पैसे इथे पाठवा. पत्ता जवळपास तसाच दिसतो, एखादंच अक्षर इकडेतिकडे असतं. जुना माणूस आवाज ओळखत असतो, नव्याला तो आधार नसतो. म्हणून चार्जच्या मेलमध्ये संपर्कांच्या वरच ही ओळ टाका: "खातं बदलल्याचा कोणताही मेल आला तर मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. आपल्या शीटमध्ये आधीपासून असलेल्या नंबरवर मालकाशी बोला, आणि रद्द केलेला चेक आल्याशिवाय अकाउंट्सला कळवू नका." आणि शीटमधले नंबर तुम्ही स्वतः त्या आठवड्यात एकदा लावून बघितलेले असू द्या.